थेंब टाकूनही कान दुखतोच आहे?

माझ्या भाचीला उन्हाळ्यात पोहण्याच्या क्लासनंतर कानदुखी लागली. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला की कळ यायची. बाहेरच्या नळीच्या संसर्गाची ही नेहमीची खूण. तीन दिवस थेंब टाकूनही फरक नव्हता, कारण नळी ओलसर पांढऱ्या घाणीने भरली होती आणि औषध त्या थरावरच अडत होतं. कानाच्या डॉक्टरांनी सक्शनने नळी साफ केली, तेच थेंब पुढे चालू ठेवले आणि दोन दिवसांत ती शांत झोपू लागली.

ही सफाई डॉक्टरांनीच करायची. घरी कापसाची काडी घातली की घाण आत ढकलली जाते आणि सुजलेली कातडी सोलते. कोमट तेलही नको. सुजेने नळी बंदच झाली असेल तर डॉक्टर आत छोटी वात ठेवतात, थेंब तिच्यातून झिरपतात.

थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपवून थेंब टाका, तोच उंचवटा हलके चार-पाच वेळा दाबा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन चोळलेला कापूस कानाच्या तोंडाशी लावा, नंतर लगेच काढा. दुखणं थांबलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, तोवर पोहणं बंद.

पडद्याला भोक असेल तर घरातले जुने थेंब वापरू नका. मधुमेह असेल आणि कान रात्री असह्य ठणकत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.