हळदीच्या आधी शेजाऱ्यांना सांगताना

जुळे सोलापुरात घरासमोर मांडव घालून हळद करायची, तर तीन-चार दिवस आधी आजूबाजूच्या घरी स्वतः जाऊन सांगा. ग्रुपवरचा मेसेज आदल्या दिवशी आठवणीसाठी ठीक, पण समोरच्या घरच्या आजींना तो दिसतच नाही.

‘थोडा आवाज होईल’ असं मोघम बोलू नका, वेळ सांगा. असं काहीसं:

‘काकू, शनिवारी ताईची हळद आहे, जेवायलाच या. संध्याकाळी सहापासून गाणी लागतील, दहाला स्पीकर बंद. पाहुण्यांच्या दहा-बारा गाड्या येतील, पण तुमच्या गेटसमोर एकही लागणार नाही. त्रास होईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. काही अडलं तर भावाला फोन करा, हा त्याचा नंबर.’

नंबर नवरीचा किंवा वडिलांचा नको, त्या गडबडीत ते उचलणार नाहीत. गाड्या बघायला जो बाहेर उभा असेल, त्याचाच द्या.

मग विचारा, ‘त्या संध्याकाळी तुमची गाडी बाहेर काढायची आहे का?’ कुणाला रात्रीची सोलापूर स्टेशनवरून गाडी पकडायची असते, कुणाची रात्रपाळी असते. त्यांची कार दुपारीच मोकळ्या जागी लावायला सांगता येते. घरात आजारी माणूस किंवा दहावी-बारावीचं मूल असेल, तर स्पीकरचं तोंड त्या घराकडे ठेवू नका.

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकरला नियमानेच बंदी आहे, शेजाऱ्यांनी हो म्हटलं तरी.