रीलमध्ये ‘जाहिरात’ दिसतच नव्हतं, ब्रीफ असं बदललं

पैठणी काठाच्या कुर्त्यांच्या लाँचसाठी इन्फ्लुएन्सर्सकडून रील्स यायच्या, पण #ad हॅशटॅगांच्या ढिगात तळाला. त्यांना पाठवायच्या सूचनांच्या ब्रीफमध्ये ‘जाहिरात असल्याचं नमूद करा’ ठळक केलं, फोनही केले; फरक शून्य. वैताग नुसता.

मग सूचना काढून तयार मजकूरच सगळ्यात वर टाकला: ‘जाहिरात’, कॅप्शनचा पहिला शब्द. त्याखाली व्हिडिओवरची वेळ. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था एएससीआय, तिच्या नियमानुसार 15 सेकंदांपर्यंतच्या रीलवर किमान 3 सेकंद, त्यापुढे 2 मिनिटांपर्यंत एकतृतीयांश वेळ. म्हणजे 45 सेकंदांच्या रीलवर 15.

नंतर बोलायचे दोनच मुद्दे: कापड आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम, धुलाई ड्राय क्लीन. ‘शुद्ध रेशीम’ म्हणायचं नाही, उत्साहात हमखास निसटतं. टोन शेवटी, एका ओळीत: मैत्रिणीला सांगतो तसं. पोस्टआधी मोबाइलवरचा स्क्रीनशॉट मागवला; ‘more’ न दाबता ‘जाहिरात’ दिसलं, तरच मंजुरी.