बोलला म्हणजे बरोबर झाला, असं नाही: एक्सएलआर केबलचं सोल्डरिंग

साउंडच्या कामाला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पोडियमवर शेजारी शेजारी दोन माईक लावले होते. दोन्ही एक्सएलआर केबल, म्हणजे तीन पिनांच्या माईकच्या केबल, मी स्वतः बनवलेल्या. सकाळी एकेक माईक उघडून ‘हॅलो, चेक’ केलं, दोन्ही स्वच्छ बोलले. कार्यक्रम सुरू झाला, मुख्याध्यापिका बरोबर मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज पातळ, पोकळ यायला लागला. त्या थोड्या डावीकडे झुकल्या की आवाज भरून यायचा, मध्ये आल्या की पुन्हा गायब. मी गेन वाढवला तर फीडबॅक सुरू झाला. शेवटी एक फेडर खाली ओढला आणि त्याच क्षणी आवाज पूर्ण झाला.

घरी येऊन दोन्ही केबल उघडल्या. एकीत एका टोकाला लाल वायर दोन नंबरच्या पिनला होती आणि दुसऱ्या टोकाला तीनला. एक टोक रात्री केलं होतं, दुसरं सकाळी, आणि कोणता रंग कुठे लावला ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

आता यामुळे नेमकं काय होतं ते बघा. एक नंबरला शील्ड, म्हणजे केबलची जाळी. दोनला हॉट, तीनला कोल्ड. माईकचा सिग्नल दोन आणि तीनवर एकमेकांच्या उलट जातो आणि मिक्सर त्या दोघांमधला फरक घेतो. वाटेत शिरलेला हम दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच असतो, म्हणून फरक घेताना तो निघून जातो. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तरी फरक तेवढाच येतो, फक्त उलट्या दिशेचा. एकटा माईक ऐकताना कानाला काही कळत नाही. पण तोच आवाज दुसऱ्या माईकमधून सुलट येत असेल, तर मिक्सरमध्ये दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मधोमध उभ्या माणसाचा आवाज दोन्ही माईकना एकाच वेळी, सारखाच पोहोचतो, त्यामुळे तिथे सगळ्यात जास्त मार बसतो.

म्हणून केबल कापल्यावर मी आधी रंग ठरवतो. माझ्याकडे लाल कायम दोनला, पांढरी कायम तीनला. तुमच्या केबलमध्ये निळी-पांढरी असेल तर तसं ठरवा, पण दोन्ही टोकांना एकच नियम. नंबर मात्र चित्रावरून लावू नका. एक आणि दोन शेजारी शेजारी असतात, तीन एकटा समोर. कनेक्टर मागून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने पाहिला की एक आणि दोनच्या जागा उलटतात. बऱ्याच जणांची शील्ड दोन नंबरला जाते ती इथेच. पिनच्या मागे जिथे वायर सोल्डर होते, त्या प्रत्येक कपाशेजारी प्लास्टिकवर बारीक आकडा कोरलेला असतो. उजेडात धरून तोच वाचायचा.

वायर सोलण्याआधी बूट, म्हणजे कनेक्टरचं मागचं टोपण, आणि चक, म्हणजे केबल पकडणारा दातेरी तुकडा, केबलवर ओवून घ्या. काही कनेक्टरची बॉडीही मागूनच ओवावी लागते. हे विसरलात तर सोल्डरचे तीनही डाग पुन्हा काढावे लागतात. बाहेरचं आवरण साधारण 20 मिलिमीटर सोला. जाळी पिळून एक वायर करा आणि तिच्यावर स्लीव्ह चढवा, नाहीतर तिचा एखादा सुटा तार दोनला टेकतो. आतल्या वायरींची टोकं 4-5 मिलिमीटर उघडी पुरतात.

आयर्न 40 ते 60 वॅटचा घ्या. तापमान ठरवता येत असेल तर साध्या 60/40 सोल्डरसाठी 350 अंशांच्या आसपास. 25 वॅटच्या आयर्नने कप तापायलाच वेळ लागतो, तोवर पिनभोवतीचं प्लास्टिक मऊ होतं आणि पिन तिरकी बसते. यावर मला एका जुन्या मिस्त्रीकाकांनी दाखवलेला उपाय मी आजही करतो: मेलचं, म्हणजे पिना बाहेर असलेल्या कनेक्टरचं, काम करताना त्याच्या तोंडात एक रिकामी फिमेल, म्हणजे भोकांचा कनेक्टर, खुपसून ठेवायची, फिमेलचं करताना मेल. पिना जागच्या हलत नाहीत आणि कनेक्टर हातात धरायलाही सोपा जातो.

आधी वायरींच्या टोकांवर सोल्डरचा पातळ थर चढवा. कप बाहेरून तापवा, सोल्डर आत सोडून अर्धा भरा आणि ते पातळ असतानाच वायर आत उभी करा. आयर्न काढल्यावर तीन-चार सेकंद हात अजिबात हलवू नका. चांगला डाग गुळगुळीत, चकचकीत दिसतो आणि वायरीला बिलगून बसतो. गोळा होऊन वर बसला किंवा दाणेदार, मळकट दिसला तर तो ड्राय सोल्डर आहे, पुन्हा तापवा. एक नंबरला जाळी असल्यामुळे उष्णता जास्त लागते, तिथे घाई करू नका.

यानंतर पकड. स्टेजवर केबलला पाय अडकतो, तेव्हा तो झटका डागांपर्यंत पोहोचताच कामा नये, तो चकने पेलायचा असतो. त्यासाठी चकच्या दातांखाली केबलचं बाहेरचं आवरण आलं पाहिजे. 20 ऐवजी 35 मिलिमीटर सोललं तर दात आतल्या नाजूक वायरींवर बसतात आणि केबल महिन्याभरात तुटते. आतल्या वायरी किंचित सैल ठेवा, शील्ड त्यांच्याहून थोडी लांब. कधी काही सुटलंच तर शील्ड शेवटी सुटावी. बूट घट्ट आवळल्यावर कनेक्टर एका हातात आणि केबल दुसऱ्या हातात धरून ओढा. आवरण जरासुद्धा सरकलं तर बूट उघडून केबल नीट आत घ्या.

आता चाचणी. केबल दोन्हीकडून मोकळी हवी, मिक्सरला लावलेली नको. मल्टिमीटर बझरवर ठेवा. एक प्रोब फिमेलच्या एक नंबरमध्ये, दुसरा मेलच्या एक, दोन, तीन नंबरांना पाळीपाळीने. मग फिमेलचा दोन, मग तीन. असे नऊ स्पर्श होतात. त्यातले फक्त तीन वाजले पाहिजेत: एक-एक, दोन-दोन, तीन-तीन. बाकीचे सहा गप्प. माझ्या त्या केबलमध्ये एक-एक वाजत होतं, पण फिमेलचा दोन मेलच्या तीनला बोलत होता. हे कळायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

एवढ्यावर थांबू नका. एकच धागा टिकून असला तरी बझर वाजतो. म्हणून प्रत्येक वाजणाऱ्या जोडीला प्रोब तसेच धरून दुसऱ्या कोणाला तरी दोन्ही टोकांजवळ केबल वाकवायला, पिळायला सांगा. बीप मध्येच तुटली तर ते टोक उघडा.

शेवटी दोन सारखे माईक, एक जुन्या खात्रीच्या केबलवर आणि एक नव्या केबलवर, तोंडाशी तोंड लावून धरा आणि दोन्ही फेडर समान ठेवून मधोमध बोला. आवाज भरला तर केबल बॅगेत जाते. पातळ झाला तर रंग पुन्हा तपासायचे. शाळेच्या कार्यक्रमानंतर ही जोडी लावल्याशिवाय माझी एकही नवी केबल कार्यक्रमाला गेलेली नाही.