सहसंस्थापक कंपनी सोडताना: पत्रातल्या या चुका टाळा

नोकरीच्या राजीनाम्याचा नमुना इंटरनेटवरून उचलायचा, वर 'सहसंस्थापक' लिहायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. हा आळस नंतर महागात पडतो.

सगळ्यात नडते ती एक ओळ: 'माझे शेअर करारानुसार राहतील.' किती शेअर, कोणत्या तारखेपर्यंत, काहीच नाही. समजा, ४,८०० शेअर आहेत, व्हेस्टिंग, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने तुमच्या हक्काचे होणं, १ एप्रिल २०२३ पासून ४८ महिन्यांचं, म्हणजे महिन्याला १०० शेअर. पत्र दिलं १० जून २०२५ ला, काम केलं ३१ जुलैपर्यंत. पत्राची तारीख धरली तर पूर्ण महिने २६, शेअर २,६००. शेवटचा दिवस धरला तर २८ महिने, शेअर २,८००. भांडण त्या २०० शेअरचं असतं, आणि ते पेटतं पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी, शेअरचा भाव चढल्यावर. म्हणून आधी करारात मोजणी कोणत्या तारखेपर्यंत करायची ते पाहा. मग ती तारीख, व्हेस्ट झालेले शेअर आणि परत जाणारे शेअर हे तिन्ही आकडे पत्रात लिहा आणि कंपनीची लेखी पोच घ्या.

आकडा लिहिला म्हणून शेअर परत गेले असं होत नाही. आपल्याकडे संस्थापकाचे सगळे शेअर बहुधा पहिल्या दिवसापासून त्याच्याच नावावर असतात. शेवटचा दिवस धरला तर उरलेले २,००० शेअर कोणाच्या नावावर, किती भावाने आणि किती दिवसांत जाणार, हेही लिहा. कागदी शेअर असतील तर हस्तांतरणाचा एसएच-४ फॉर्म, डीमॅट असतील तर डिपॉझिटरीकडची सूचना. दर्शनी किमतीला देणार असाल तर आधी सीएला विचारा. बाजारमूल्य बरंच जास्त असेल तर घेणाऱ्यावर कर येऊ शकतो.

संचालकपद वेगळं सोडावं लागतं. ते पत्र कंपनीला मिळाल्याच्या किंवा पत्रात दिलेल्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची तिच्यापासून लागू होतं. त्यानंतर कंपनीने ३० दिवसांत संचालक बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म भरायचा असतो. तो भरला का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर स्वतः पाहा.

वस्तू परत करताना लॅपटॉप सगळ्यांना आठवतो. डोमेन, क्लाउडचं मूळ खातं, अ‍ॅपसाठीचं गुगल प्ले कन्सोल आणि जीएसटी पोर्टल कोणाच्या मोबाइलवरच्या ओटीपीने उघडतं, हे मात्र कोणी पाहत नाही. मी तरी प्रत्येक खातं नव्या मालकाकडून लॉगिन करवून घेतो आणि मगच यादीवर सही करतो. डिजिटल सही मात्र कोणाला देऊ नका, ती तुमची वैयक्तिक असते. बँकेतला सहीचा अधिकार काढून घ्यायला लावा.

गुंतवणूकदारांना लिंक्डइनवरून कळू देऊ नका. शेअरहोल्डर करारात आधी कळवण्याची अट असते का, ते बघा. आधी संचालक मंडळ, मग मुख्य गुंतवणूकदाराला फोन, त्याच दिवशी बाकीच्यांना ईमेल, शेवटी कर्मचारी. ईमेलमध्ये शेवटचा दिवस, काम कोण बघणार आणि शेअरांचं काय ठरलं, एवढंच असावं. मजकूर दोन्ही बाजूंनी मान्य करून पत्रालाच जोडा.