लिंबाची सावली आणि दोन मीटरचा फरक

दहावीला समरूपता शिकताना झाडाच्या सावलीचं गणित सगळेच सोडवतात. प्रत्यक्ष मोजायला निघालात, तर आमची एक चूक आधी ऐका.

डिसेंबरात मी आणि माझा भाचा सोलापुरात घरामागच्या मैदानातल्या लिंबाची उंची काढायला गेलो. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. दुपारी साडेबाराच्या सुमारास काठीची सावली 87 सेंमी पडली आणि झाडाची, बुंध्याच्या मध्यापासून, 12.25 मीटर. सूर्यकिरण समांतर येतात, म्हणून दोन्हीकडे किरणाचा जमिनीशी कोन सारखा. काठी आणि झाड दोन्ही उभी, म्हणून काटकोनही सारखा. को-को कसोटीने त्रिकोण समरूप झाले. 12.25 भागिले 0.87, म्हणजे 14.1 मीटर.

सव्वातीनला पुन्हा मोजलं. काठीची सावली 1.64 मीटर, झाडाची 20.8. उत्तर आलं 12.7.

"मावशी, झाड बुटकं झालं का?" भाच्याने विचारलं. मला आधी टेपचाच संशय आला, पण टेप बरोबर होती.

घोळ होता लिंबाच्या डेऱ्यात. सावलीचं टोक शेंड्याचं असतं असं आपण धरून चालतो. सूर्य वर असताना मात्र सर्वांत लांब पडते ती बाजूला पसरलेल्या फांद्यांची सावली. त्या फांद्या शेंड्यापेक्षा खाली, पण बुंध्यापासून चार मीटर पुढे आलेल्या. बुंध्यापासून मोजताना ते अंतरही आपण उंचीत धरतो, म्हणून उत्तर फुगतं. सूर्य उतरतो तसा किरण डेऱ्याला शेंड्याच्या जवळ शिवून जातो आणि फुगवटा कमी होतो. चारला काढलेलं उत्तर 12.3 आलं. वेगवेगळ्या वेळची उत्तरं अशी एकाच दिशेने घसरत असतील, तर दोष डेऱ्याचाच समजा. सरळ भिंतीच्या, सपाट गच्चीच्या इमारतीला हा त्रास नाही. तिथे सावली पडते त्या बाजूच्या भिंतीच्या पायथ्यापासून मोजा.

मग सूर्य अगदी मावळतीला गेल्यावर मोजावं का? तेव्हा सावली फार लांबते, कुंपणावर चढते, जमिनीचा उतार मध्ये येतो. शिवाय ती भराभर सरकते. सव्वातीनलाच झाडाची सावली मिनिटाला सुमारे 14 सेंमी वाढत होती; आधी झाड मोजून पाच मिनिटांनी काठी मोजली असती, तर उंचीत जवळपास अर्ध्या मीटरची चूक झाली असती. म्हणून एकाने झाडाच्या सावलीच्या टोकाशी आणि दुसऱ्याने काठीच्या टोकाशी उभं राहायचं, आणि हाक देऊन एकाच क्षणी खडूने खूण करायची. टेप नंतर सावकाश लावता येते. टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. दोन्हीकडे पुसट पट्ट्याच्या मध्यावरच खूण करा.

वहीत आम्ही लिहिलं: 12.3 मीटरपेक्षा थोडी कमी.