पहिल्या पगाराच्या मेसेजमध्ये कपात कशी लिहायची
नवीन पोराला 24,000 सांगितलेले असतात आणि खात्यात 22,000 पडले की लगेच फोन येतो, म्हणून नुसतं 'डिडक्शन 2,000' पाठवू नका, असं लिहा:

1. आधी हातात आलेली रक्कम, मग कपात.
2. 'बेसिक 15,000 च्या 12 टक्के म्हणजे 1,800 तुझ्याच पीएफ खात्यात जमा, कंपनीनेही तेवढेच भरलेत, त्यातले 1,250 पेन्शनला गेले.' हे शेवटचं टाकाच, नाहीतर पासबुकात कंपनीचे 550 च बघून परत फोन.
3. 'प्रोफेशनल टॅक्स 200, हा राज्य सरकारला जातो, परत मिळत नाही.'

फक्त हाच मेसेज मुलींना कॉपी-पेस्ट करू नका, महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स नाही.