छळाच्या तक्रारीचा अहवाल लिहायला बसण्याआधी काय काय हाताशी ठेवायचं

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर असलेल्या ताया-भाऊंसाठी लिहितेय, म्हणजे ज्यांची सुनावणी संपलीय, फाइल फुगलीय आणि आता तो अहवाल कोणी लिहायचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघतायत त्यांच्यासाठी. समजायला सोपं जावं म्हणून एक बनवलेलं प्रकरण धरू. जळगाव एमआयडीसीतली एक दाल मिल, तिथं लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर असलेली एक ताई, आणि डिस्पॅचचा सुपरवायझर. ताईचे आरोप तीन. जानेवारीपासून रात्री-बेरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, 12 मार्चला संध्याकाळी वजनकाट्याच्या केबिनमध्ये हात धरला, आणि नाही म्हटल्यावर सूड म्हणून दुसऱ्या शिफ्टला टाकलं. तक्रार आली 2 एप्रिलला.

पहिलं काम म्हणजे तारखांचा एक कागद. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा, नियमही त्याच वर्षीचे, आणि त्यात मुदती ठरलेल्या आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, प्रकार लागोपाठ चालू असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं, म्हणून इथं जानेवारीचे मेसेजपण आत बसतात. तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामाच्या दिवसांत, त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी 90 दिवसांत म्हणजे आपल्या केसमध्ये 1 जुलैच्या आत. प्रत्येक तारखेसमोर पुरावा कोणता ते लिहा, पोच सही, स्पीड पोस्टाची पावती, जे असेल ते. प्रत्येक सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर होते ना ते हजेरीवरून बघा, आणि समोरच्याला जबाबांच्या प्रती मिळाल्या, प्रश्न विचारायची संधी मिळाली, त्याचे साक्षीदार ऐकले, हे तारखेसकट अहवालात आलं पायजे. हे कंटाळवाणं वाटतं पण गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात 2023 ला सुप्रीम कोर्टानं समितीनं घाई केली, बाजू मांडायला नीट संधी दिली नाही म्हणून झालेली कारवाई रद्द करून चौकशी परत पाठवली होती. इतकी वर्षं गेल्यावर परत पहिल्यापासून, विचार करा त्या तक्रारदारांचं काय झालं असेल.

दुसरं, आरोप सुटे करा. तक्रार अर्ज माणूस जसा बोलतो तसाच लिहितो, सगळं एकात एक गुंतलेलं, त्यात रागही असतो आणि आधीच्या साहेबाचा किस्सापण असतो. समितीनं त्यातून मुद्दे काढायचे, मुद्दा 1 मेसेज, मुद्दा 2 केबिन, मुद्दा 3 शिफ्ट, आणि प्रत्येकासाठी चार गोष्टी एकाखाली एक, ताई काय म्हणते, तो काय म्हणतो, पुरावा काय, आमचा निष्कर्ष काय. तिन्हींचं मिळून एकच "आरोप सिद्ध झाले" असं वाक्य लिहिलं की अहवाल तिथंच लंगडा होतो, कारण अपिलात एक मुद्दा ढासळला की त्याच्यासोबत बाकीचे दोनही जातात.

तिसरं म्हणजे जबाब. आपल्याकडं हमाल, लोडिंगवाले, वॉचमन काका सगळे अहिराणीत बोलणार आणि टायपिस्ट त्याचं सरकारी मराठी करून टाकणार. वॉचमन म्हणाले "ती रडी राहिनी व्हती", आणि कागदावर आलं "पीडिता मानसिक तणावात असल्याचे निदर्शनास आले". अहो त्यांनी रडणं पाहिलं, तणाव आपण ठरवला! जबाबात जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच, त्यांच्याच शब्दांत, वाचून दाखवून खाली सही किंवा अंगठा. अर्थ काढायचा तो पुढं निष्कर्षात.

आता पुराव्याचं वजन, खरी डोकेफोड इथंच आहे. आधी हे पक्कं डोक्यात ठेवा की समिती म्हणजे फौजदारी कोर्ट नाही, शंकेला जागाच उरू नये इतकं सिद्ध करायचं नसतं, दोन्ही बाजू ठेवल्यावर कुठलं घडलेलं असण्याची शक्यता जास्त ते बघायचं. पण जास्त शक्यता म्हणजे सदस्यांना काय वाटलं ते नाही, का वाटलं ते कागदावर दाखवावं लागतं.

मुद्दा 1 सोपा आहे. स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ फोन समितीसमोर उघडून बघा, नंबर, तारीख, वेळ जुळवा, अख्खं संभाषण एक्सपोर्ट करून घ्या म्हणजे मधलं काही गाळलंय का ते कळतं, आणि हे सगळं केल्याची नोंद दोघांच्या सहीनं. सुपरवायझर म्हणतो नंबर माझाच, पण मस्करी होती, तीपण स्मायली पाठवायची. मग पूर्ण चॅट वाचा. रात्री 11:40 ला "एकटी आहे का, फोटो पाठव" आणि तिचं उत्तर "सर कामाचं असेल तर उद्या ऑफिसात बोलू", असं पाच वेळा, आणि स्मायली आहे ती दिवाळीच्या शुभेच्छांना. नको आहे हे तिनं सांगितलंय, तिच्या परीनं. कॉन्ट्रॅक्टवरची पोरगी सुपरवायझरला याहून कडक काय लिहिणार? सिद्ध.

मुद्दा 2 ला बघणारं कोणी नाही आणि इथंच बऱ्याच समित्या "साक्षीदार नसल्याने सिद्ध होत नाही" लिहून मोकळ्या होतात. असं प्रकरण चार लोकांसमोर घडतं कधी? साक्षीदार नसेल तर आजूबाजूला काय सापडतं ते बघायचं. तिचा अर्ज आणि जबाब मूळ गोष्टीवर जुळतात. अर्जात डावा हात, जबाबात उजवा, हा फरक आहे आणि तो अहवालात लपवायचा नाही, लिहायचा, आणि पुढं हेही लिहायचं की जागा, वेळ, काय बोलला, ती कशी निघाली यात फरक नाही म्हणून आम्ही याला किरकोळ धरतो. उद्या तिनं केबिनऐवजी गोडाऊन म्हटलं असतं तर तो फरक मुळाला हात घालणारा झाला असता. मग 6:40 ला तिनं मैत्रिणीला केलेला फोन, कॉल लॉगमध्ये आहे, मैत्रीण म्हणते रडत होती, काट्यावरचं सांगत होती. मैत्रिणीनं घटना पाहिलेली नाही, तर तिच्या साक्षीचं वजन एवढंच की ताईनं त्याच संध्याकाळी हे सांगितलं, नंतर रचलेलं नाही. आणि सुपरवायझरचं म्हणणं की सहा वाजता मी यार्डात होतो, काट्यावर गेलोच नाही, पण 6:14 च्या काटा पावतीवर सही त्याची. बाहेरच्या कॅमेऱ्यात 6:22 ला ती एकटी भराभर गेटकडं जाताना दिसते, वॉचमन काका तिथंच होते. केबिनच्या आतलं कॅमेरा दाखवत नाही हेही लिहाच, म्हणजे कोणी म्हणायला नको की फुटेजचा अर्थ ताणला.

या फुटेजचं एक सांगून ठेवते. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग महिनाभरात आपोआप पुसलं जातं. तक्रार आली तेव्हा 21 दिवस होऊन गेले होते, दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीनं फुटेज, गेट रजिस्टर, काट्याचं रेकॉर्ड जपून ठेवा असं लेखी पत्र दिलं म्हणून ते राहिलं. हे पत्रपण जोडपत्रात लावा. तर मुद्दा 2, तिचं म्हणणं बाकीच्या कागदांशी जुळतं आणि त्याचं म्हणणं त्याच्याच सहीनं खोटं पडतं, म्हणून सिद्ध. निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी जोडपत्राचा नंबर हवा. नंबर टाकता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका.

लोडिंगच्या सगळ्यांनी सह्या करून दिलेलं "साहेब देवमाणूस आहेत" हे पत्रही येतंच, दर वेळी येतं. घ्या, जोडा, आणि लिहा की सही करणाऱ्यांपैकी कोणी त्या वेळी तिथं नव्हतं, म्हणून 12 मार्चला काय घडलं यावर त्याचं वजन नाही. तसंच ताईच्या कपड्यांवर, आधीच्या लग्नावर कोणी काही बोललं असेल तर त्यावर अहवालात चर्चा नको, मुद्द्याशी संबंध नाही एवढी एक ओळ पुरे.

मुद्दा 3 ला मात्र समितीची परीक्षा आहे, कारण एव्हाना सगळ्यांची सहानुभूती ताईकडं गेलेली असते. शिफ्टचा तक्ता मागवला तर दिसलं की लॅबमधल्या चौघांचीही बदली झालीय, ऑर्डर मॅनेजरची, तारीख 5 मार्च, म्हणजे केबिनच्या प्रकाराच्या आठवडाभर आधीची. सुपरवायझरनं मॅनेजरला काही सांगितलं असा कागद नाही, मॅनेजरही नाही म्हणतो. तारीख मागची टाकलीय का तेही तपासा, ऑर्डरच्या ईमेलची वेळ बघा, पण जुळत असेल तर सरळ लिहा, मुद्दा 3 सिद्ध होत नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात, सिद्ध न होणं म्हणजे तक्रार खोटी असं नाही, कलम 14 मध्ये स्पष्टच आहे की पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही, वाईट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो, आणि तसं इथं काही नाही. तीनपैकी दोन सिद्ध असा अहवाल पाहून कंपनीवाले म्हणतात मग अर्धवटच ना. नाही भाऊ, उलट यामुळेच पहिले दोन मुद्दे जास्त टिकतात.

शिफारस लिहायच्या आधी कंपनीचे सेवा नियम किंवा स्टँडिंग ऑर्डर समोर ठेवा, शिक्षा त्यातली सुचवायची, आणि नियमच नसतील तर 2013 च्या नियमांत यादी आहे, लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, नोकरीवरून काढणं, समुपदेशन वगैरे. "योग्य ती कारवाई करावी" हे वाक्य शिफारसच नाही, ते मालकाच्या गळ्यात घातलेलं लोढणं आहे. आपल्या केसमध्ये मी असं लिहीन, दोन वर्षं पगारवाढ रोखावी, सुपरवायझरला लॅब आणि काट्याशी संबंध येणार नाही अशा जागी हलवावं, ताईच्या कामाचा शेरा किंवा कॉन्ट्रॅक्ट रिन्यूची शिफारस त्याच्याकडं नसावी, आणि हीच शिक्षा का तर हात धरण्याचा प्रकार एकदाचा असला तरी मेसेज अडीच महिने चालू होते आणि त्याच्या हाताखालचे लोक बघता पद वरचं होतं. लेखी माफी ताईला हवी असेल तरच, तिला विचारून. भरपाई मागितली असेल तर आकडा हवेतला नको, डॉक्टरची बिलं, मानसिक त्रास, करिअरचं नुकसान, आणि त्याचं उत्पन्न बघून एकरकमी की हप्त्यानं, हे कलम 15 मध्ये दिलंय तसं एकेक लिहा. आणि ताईचीच बदली "तिच्या सोयीसाठी" सुचवायची चूक करू नका. तिनं मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

सही सगळ्या हजर सदस्यांची, कोणाचं मत वेगळं असेल तर त्यांनी कारणांसकट वेगळं लिहून जोडायचं. टायपिंग समितीतल्याच कोणीतरी करावं, कोपऱ्यावरच्या डीटीपी-झेरॉक्सवाल्याकडं नेऊ नका, इथं सगळे सगळ्यांच्या ओळखीचे, अहवाल मिलमध्ये पोचायच्या आधी सुभाष चौकात पोचायचा, आणि गोपनीयता मोडली तर पाच हजार दंडाची तरतूद आहे. साक्षीदारांना सा-1, सा-2 असे नंबर द्या, नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात.

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाला, आणि प्रत दोघांनाही, पोच घेऊन. मालकाला अंमल करायला 60 दिवस, आणि परत वेगळी खातेनिहाय चौकशी लावायची गरज नाही, मेधा कोतवाल लेले प्रकरणात 2012 ला सुप्रीम कोर्टानं समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरायचा असं सांगितलंय, तर कव्हरिंग पत्रात हे एका ओळीत टाका, नाहीतर एचआरवाले हमखास नवीन चौकशी अधिकारी नेमतात. अपिलाची मुदत 90 दिवस आहे हेही दोघांच्या पत्रात लिहा, ताईच्यासुद्धा, कारण मुद्दा 3 वर तिला अपील करायचं असेल तर तो तिचा हक्क आहे.